काकूंनी वाचलेला क्लोज

ऑफिसात त्यांना सगळे पिव्हटकाका म्हणत. मी एका शेअर दलालाकडे डीलर होते. गिऱ्हाईक फोनवर सांगेल ती ऑर्डर मशीनमध्ये टाकायची, हे माझं काम.

काका नोकरीभर वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानोदुकानी तराजू तपासत केस पिकवले आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. "जन्मभर लोकांची मापं काढली ना, त्याची वसुली झाली," असं म्हणून स्वतःच हसायचे. वेळ जावा म्हणून ट्रेडिंग सुरू केलं. एकाच सिमेंट कंपनीचे शंभर शेअर. सकाळी घ्यायचे, त्याच दिवशी बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं. त्याहून जास्त हावरटपणा नाही.

त्यांची पद्धत साधी होती. कालचा सगळ्यात वरचा भाव, म्हणजे हाय. सगळ्यात खालचा, लो. आणि बंद झालेला, क्लोज. तिघांची बेरीज करून तीनने भागायचं, तो पिव्हट. पिव्हटच्या दुपटीतून लो वजा केला की वरची पातळी, आर वन. हाय वजा केला की खालची, एस वन. भाव पिव्हट ओलांडून वर टिकला तर खरेदी, आर वनला विक्री, आणि पिव्हटच्या एक रुपया खाली स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर पडला तर तोटा वाढायच्या आत विकून टाकायचं. पिव्हटच्या खालीच रेंगाळला तर त्या दिवशी सुट्टी.

"हे काही भविष्य नाही हं पोरी," मला सांगायचे. "नुसत्या खुणा आहेत. भाव त्यांना जुमानेलच असं नाही. पण आंधळ्याला भिंत कुठाय ते ठाऊक असलेलं बरं."

एकदा सही घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. दुपारचे चार वाजले होते. काका खुर्चीत मान टेकून बसलेले, आणि काकू कॉम्प्युटरपुढे ताठ. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या, आकडा सुटा सुटा वाचायची सवय अंगात भिनलेली.

"हाय चार-एक-दोन. लो चार-शून्य-शून्य. क्लोज चार-शून्य-नऊ."

काकांच्या ओठांची थोडी हालचाल झाली. "पिव्हट चारशे सात. आर वन चारशे चौदा, एस वन चारशे दोन." मी गुपचूप मोबाइलवर हिशोब करून पाहिला. बरोबर.

"काका, हल्लीचे मोबाइल वाचून दाखवतात की," मी म्हटलं.

"ते बडबडतात. ही वाचते."

"ऐकलंस?" काकू चहाचा कप पुढे करत म्हणाल्या. "लग्नाला सदतीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा कौतुक केलं. तेही तू आलीस म्हणून."

त्यानंतर वर्षभराने ती सकाळ आली. काकांनी फोनवर ऑर्डर सांगितली: चारशे एकोणतीसच्या वर गेला की घे, टार्गेट चारशे अडतीस, स्टॉपलॉस चारशे अठ्ठावीस. माझ्या स्क्रीनवर पिव्हट चारशे सव्वीस दिसत होता, आर वन चारशे बत्तीस. मी गप्प बसले. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं नाही, अशी आमच्याकडे ताकीदच होती. भाव चढला, एकोणतीसच्या वर खरेदी झाली. बरोबर चारशे बत्तीसला जाऊन अडखळला, फिरला, आणि अर्ध्या तासात स्टॉपलॉस लागला.

नुकसान मोठं नव्हतं. पण मला राहवलं नाही. फोनवर म्हटलं, "काका, कालचे आकडे काय धरलेत?"

"हाय चारशे पस्तीस, लो चारशे वीस, क्लोज चारशे बत्तीस."

"क्लोज चारशे तेवीस होता, काका."

त्यांनी रिसीव्हर नीट बाजूलाही केला नाही. "अगं ए! तीन आकडे वाचायचे, तेही धड होत नाहीत तुझ्याच्याने? एक्सचेंजमध्ये तीस वर्षं काय झोपा काढल्यास?"

काकूंचा आवाज लांबून आला. "चुकलं हो."

काका कधी चढ्या आवाजात बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा मलाच चुगली केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच माझा मोबाइल वाजला. काकू. आवाज अगदी दबका.

"पोरी, आजचे तीन आकडे सांगतेस? सावकाश सांग. मी अक्षरात लिहून घेते. नुसते आकडे लिहिले की हल्ली उड्या मारतात."

"काकू, डोळे तपासून घ्या ना."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल. जाते पुढच्या आठवड्यात. यांना बोलू नकोस हं. डोळ्याचं नाव काढलं की घाबरतात."

तीन आठवडे मी रोज आकडे सांगत राहिले. मध्येच त्या म्हणायच्या, डोकं फार दुखतंय. मी म्हणायचे, दाखवा. त्या म्हणायच्या, हो. काकांच्या पातळ्या पुन्हा अचूक येऊ लागल्या. "बघ, रागावलो तर सुधारली," असं एकदा ते मला म्हणालेही. मी नुसतं हूं केलं.

मग एका गुरुवारी मी रजा घेऊन बाहेरगावी गेले होते आणि मोबाइल घरीच राहिला. त्या दिवशी काय झालं ते नंतर काकांनीच सांगितलं. काकूंनी वाचलं: हाय चार-एक-नऊ, लो चार-एक-शून्य, क्लोज चार-आठ-एक. काका बेरीज करता करता थांबले.

"अगं, क्लोज हायच्या वर कसा जाईल? दिवसभरातला सगळ्यात मोठा भाव म्हणजे हाय. परत वाच."

"आठ-चार-एक."

"परत."

"एक... चार..." आणि मग काकू रडायला लागल्या. काकांनी चाचपडत त्यांचा हात धरला. शेजाऱ्यांना हाक मारून त्यांनी गाडी मागवली.

मेंदूत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांपासून वाढत असणार. ऑपरेशन झालं, पण सगळी निघाली नाही. आधी आकडे गेले, मग माणसांची नावं, मग एकेक शब्द.

मी एकदा संध्याकाळी भेटायला गेले. काका पलंगाला खुर्ची चिकटवून बसले होते. मला म्हणाले, "थांब, गंमत ऐक." मग तिकडे वाकून हलकेच विचारलं, "अगं, आज क्लोज काय गं?"

काकू बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या. "चांगला आहे," म्हणाल्या.

"चांगला आहे म्हणते. आता काढ पिव्हट," काका म्हणाले आणि हसायला गेले. ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

चौथ्या महिन्यात काकू गेल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी, भर बाजाराच्या वेळेत, काका शेजाऱ्यांचा हात धरून ऑफिसात आले. खातं बंद करायचं होतं. मी फॉर्म भरला, त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवून दिलं. पेन हातात घेऊन ते तसेच थांबले.

"ती तुला फोन करायची ना? तिच्या मोबाइलवर भाचीला तुझा नंबर दिसला. रोज चारच्या सुमारास."

"हो, काका."

"कधीपासून? मी ओरडलो त्याच्या आधीपासून, की नंतर?"

आधीपासून म्हटलं असतं तर कदाचित त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या माणसाने जन्मभर तराजू तपासले होते.

"नंतर. दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे आजाराला नाही भ्यायली. मला भ्यायली."

"मी तरी तुम्हाला सांगायला हवं होतं, काका. तीन आठवडे होते हातात."

"तिने शपथ घातली असेल."

"शपथ नाही. नुसतं, बोलू नकोस म्हणाल्या."

त्यांनी सही केली, ती ओळीच्या बरीच वर गेली, पण चालण्यासारखी होती. शेजारी त्यांना जिन्याकडे घेऊन गेले. मी सोबत जायला उठले, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुणीतरी दोनशे शेअर विकायची घाई करत होतं. मी बसले आणि ऑर्डर टाकली.