विहीणबाईंच्या हॉलमधली माणसं

अगं सुमे, ये इकडे, जवळ बस, कागदावरच का होईना. आधी तुझी खरडपट्टी काढते, मग गोष्ट सांगते. काल सकाळी मला तुझा मेसेज आला, "सर, पोट बिघडलंय, आज येत नाही." मी काय तुझा सर आहे? मी आपली काळजीने तुला ओव्याचं पाणी घे म्हणून लिहिलं, तर तासाभराने तुझं उत्तर, "मावशी, ते तुला नव्हतं." म्हणजे तुझ्या सरांना काय गेलं असेल, देव जाणे. बहुतेक मी तुझ्याकडे मागितलेलं चकलीच्या भाजणीचं प्रमाण गेलं असेल. ही तुमची तरुण बोटं. आणि एक माझ्या विहीणबाई बघ. सत्तरीला टेकल्यात, एकाच वेळी सात-आठ जणांशी त्यांच्या गप्पा चालू असतात, आणि एकाचं दुसऱ्याला गेलंय असं आजवर झालं नाही. अख्ख्या पालघर जिल्ह्यात अशी दुसरी बाई दाखव, मी फोन वापरायचं सोडून देईन.

विहीणबाई म्हणजे आमच्या मेघनाच्या सासूबाई. मेघना आणि जावई पुण्याला असतात, आणि ह्या विरार पूर्वेला चंदनसारमध्ये एकट्याच. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. पहिल्यांदा मी वसईहून तिथे गेले तेव्हा दमून पंख्याखालच्या खुर्चीत बसायला लागले, तर त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो विहीणबाई, तिथं नको, तिथं माझा भाऊ बसलाय." मी खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. भाऊ तर संगमनेरला. मनात म्हटलं, मुलगी कुठे दिली आपण. मग सोफ्याच्या कडेला टेकले, तर त्या म्हणाल्या, "तिथं बसा, पण जरा सरकून. निर्मळच्या बाई आहेत."

मग कळलं ते असं. विहीणबाई ज्यांच्याशी फोनवर लिहून बोलतात, त्या प्रत्येकाला त्यांनी घरात एक जागा नेमून दिली आहे. पंख्याखाली भाऊ, कारण त्याला उकडतं. सोफ्याच्या कडेला निर्मळच्या निवृत्त शिक्षिका, कारण त्या ताठ बसतात. दाराशी अर्नाळ्याची मासेवाली, कारण ती पाटी खाली ठेवल्याशिवाय बोलत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल आहे तिथे आमची मेघना, आणि गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर त्यांची स्वतःची लेक स्वाती, जी नाशिकला असते. ज्याचा मेसेज आला त्याच्या जागेवर त्या उठून जाणार, तिथेच बसून वाचणार आणि तिथूनच उत्तर देणार. सोफ्यावर बसून मासेवालीला लिहायचं नाही आणि दाराशी उभं राहून भावाला लिहायचं नाही. मी म्हटलं, "अहो, गुडघ्यांचं काय?" तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात ते चालेल. निर्मळच्या बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन मी भावाच्या बायकोला विचारलं तर कसं चालेल?"

नुसती जागा नाही ग. जागेवर बसलं की लगेच लिहायचं नाही. आधी बोटाने वर सरकवून मागचं वाचायचं, अगदी तोंडाने पुटपुटत. "हं, गुरुवारी डोळे दाखवायला जाणार होता. चष्मा बदलायला सांगणार होते." मग गुरुवारी संध्याकाळी भावाला बरोब्बर विचारणार, चष्म्याचं काय झालं. समोरच्याने एका दमात तीन गोष्टी विचारल्या तर त्यातला एकेक मेसेज बोटाने ओढून, त्याच्याच खाली त्याचं उत्तर. वरून जी पट्टी टपकते ना, दुसऱ्याचा मेसेज दाखवणारी, ती त्यांनी कधीच बंद करून टाकली. म्हणाल्या, "सगळा घोटाळा तिथेच होतो. आपण एकाशी बोलत असतो, दुसरा वरून डोकावतो, आपलं मन त्याच्याकडे जातं आणि बोटं इथेच राहतात." सुमे, हे वाक्य तुझ्यासाठी आहे, दोनदा वाच. एकाचा मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करणं तर नाहीच. सांगायचंच असेल तर पहिल्यापासून स्वतः टाइप करणार. आणि कुकर लावायचा असेल तर अर्धवट उत्तर देणार नाहीत. सरळ लिहितील, "कुकर लावून येते." खरंच लावून येतात.

बोलीसुद्धा ज्याची त्याला. दाराशी उभ्या राहिल्या की लिहिणार, "पानी आलं काय गो? आज बोंबील हाय का नाय?" आणि चार पावलं चालून सोफ्यावर आल्या की, "बाई, आपली प्रकृती कशी आहे? चर्चचा सण छान झाला ना?" मी हे बघते आणि मला नाटकाला गेल्यासारखं वाटतं, तिकीट न काढता. आणखी एक. लोक काय सांगतात ते आपल्याला आठवतं, पण आपण कुणाला काय सांगितलं ते आठवत नाही. म्हणून तर आपण म्हातारी माणसं तीच गोष्ट त्याच माणसाला चारदा सांगतो. विहीणबाई नाही. काही सांगून झालं की मोठ्याने म्हणतात, "गच्चीतल्या माकडाचं भावाला सांगितलं," आणि मगच उठतात. मला त्यांनी ती माकडाची गोष्ट एकदाच सांगितली. मी मात्र त्यांना आमच्या विहिरीतल्या कासवाची किती वेळा सांगितली असेल, त्या बिचाऱ्या दर वेळी हसतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. मेघनाला दिवस गेले होते. आधी एकदा निराशा झालेली, म्हणून ती भ्यायलेली होती. तिने फक्त सासूला कळवलं आणि बजावलं, इतक्यात कुणाला नको, माझ्या आईलाही नको. तिकडे नाशिकला स्वातीचे मुलासाठी उपचार चालू होते, किती वर्षांपासून, ते मी सांगत नाही. तिनेही आईला बजावलेलं, माझं कुणाला नको, वहिनीला तर नकोच. दोघी एकमेकींच्या जिवाभावाच्या. एकीचं दुसरीला चुकीच्या वेळी, चुकीच्या तोंडून कळलं असतं तर दोघींच्यात काहीतरी कायमचं तुटलं असतं. आणि मधे ही एकटी बाई, एका फोनवर. हे मला दोघींनी मागाहून सांगितलं, आणि लिहायला हरकत नाही म्हणाल्या, म्हणून लिहिते. विहीणबाईंनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी द्यायला चंदनसारला गेले होते. सोफ्यावर सरकून बसले. विहीणबाईंचा फोन वाजला, त्या स्टुलावर गेल्या. वाचलं, आणि चेहरा असा उजळला की मी विचारणारच होते. तेवढ्यात परत वाजला. त्या गॅलरीत गेल्या. माझ्याकडे पाठ करून बसल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत. परत स्टूल, परत गॅलरी. मला वाटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल. मला काय माहीत, की स्टुलावर मेघनाने लिहिलं होतं, "आई, बाळाचे ठोके ऐकू आले," आणि गॅलरीत स्वातीने लिहिलं होतं, "आई, ह्या वेळीही नाही."

मी आपली हॉलमधून गॅलरीकडे बघून विचारते, "काय म्हणते आमची मेघना?"

"थांबा, इथं मेघना नाही," असं म्हणून त्या उठल्या, स्टुलापाशी गेल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "बरी आहे. सुकेळी आवडतात तिला. पुढच्या वेळी जास्त आणा."

त्यानंतर स्वातीने विचारलं होतं, "वहिनी माझा फोन का उचलत नाही? माझ्यावर रागावली आहे का?" आता सांग, तू काय लिहिलं असतंस? मी तर एक थाप ठोकली असती आणि दोन दिवसांत विसरले असते. विहीणबाईंनी लिहिलं, "तिच्या मनातलं तिलाच विचार. राग नाही एवढं मी सांगते. आज तू माझ्याशी बोल." मग स्टुलावर येऊन मेघनाला लिहिलं, "तुझं स्वातीला सांगायची परवानगी दे. नणंद आहे, तिला आधी कळावं असं मला वाटतं." नाशिकच्या रिपोर्टबद्दल एक शब्द नाही. मेघनाने कळवलं, "मलाच धीर होत नाही, तुम्हीच सांगा." परवानगी मिळाली, तरी त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. मेघना विचारत राहिली, सांगितलंत का, काय म्हणाल्या ताई? त्यांचं उत्तर एकच, "वेळ मी बघते." तो दिवस स्वातीचा होता ना. स्वातीच्या दिवसात दुसऱ्या कुणाची गोष्ट त्यांना घालायची नव्हती.

पुढे दोन-तीन दिवसांनी त्यांनी स्वातीला फोन केला. लिहून नाही, फोन. स्वाती सांगते, "काकू, आईने आधी विचारलं, जेवलीस का, बसलेली आहेस का. मग सांगितलं. आणि मग काही बोललीच नाही, नुसती फोन धरून बसली. मी रडले, तरी बसली. मी तोंड धुऊन आले, तरी होतीच." त्याच संध्याकाळी स्वातीने मेघनाला लिहिलं, "डोहाळजेवणाची हिरवी साडी मी आणणार. दुसऱ्या कुणाची नेसायची नाही." आणि रात्री आपला रिपोर्टही तिने स्वतःच सांगितला. दोघी म्हणे फोनवर कितीतरी वेळ रडल्या.

मला कळलं त्यानंतर. पोटच्या पोरीचं, आणि मला तिसरा नंबर. राग आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "मी तुमच्या सोफ्यावर बसले होते हो." त्या म्हणाल्या, "म्हणून तर फार कठीण गेलं, विहीणबाई. लिहिताना चुकणं मला ठाऊक नाही. पण समोर तुमचा चेहरा होता." त्या दिवसापासून मी सगळ्या वसईभर सांगत फिरते, ही माझी विहीण. बँकेच्या रांगेतसुद्धा सांगितलं.

आता नात सात महिन्यांची झाली. विहीणबाई तिचे फोटो भावाला पाठवतात, निर्मळच्या बाईंना पाठवतात, अर्नाळ्याच्या मासेवालीलाही पाठवतात. स्वातीला आपणहून एकही पाठवत नाहीत. सकाळी स्वातीच विचारते, "आज काय केलं हिने?" मग पाठवतात, भरभरून. एखाद्या सकाळी तिचा प्रश्न येत नाही. त्या दिवशी फोटो तसाच राहतो. विहीणबाई स्वातीला फक्त विचारतात, भाजी काय केलीस, पाणी आलं का. मी असले तर मीही फोटोचा विषय काढत नाही. दुधवाला येऊन जातो, चहा निवतो, आम्ही दोघी बसून असतो.

तर सुमे, मेसेज पाठवू नकोस, मला नाही तर तुझ्या सरांना जाईल. तूच ये. आमच्या केळी आता घडाला आल्यात, अंगणात ऊन छान पडतं, आणि मी कुणाला काय सांगितलं ते मला हल्ली आठवत नाही. समोर बसलीस तर विचारेन तरी, हे तुला सांगितलंय का ग. लवकर ये.