चौतिसाव्या आठवड्याची चिठ्ठी

गरोदरपणाच्या चौतिसाव्या आठवड्यात मला कामरगावच्या माहेराहून विमानाने बंगळुरूला नवऱ्याकडे परतायचं होतं. कारंज्याच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती, पण माझा मुक्काम लांबला आणि ती जुनी झाली. विमान कंपनीला आठवड्याच्या आतली हवी होती. रविवारी दवाखाना बंद, म्हणून आई मला थेट त्यांच्या घरी घेऊन गेली.

कणकेचे हात धुऊन बाईंनी मला पुन्हा तपासलं. किती आठवडे झाले, बाळ एकच आहे, प्रवासाला हरकत नाही, असं लिहून सहीशिक्का दिला.

"विमानातला पट्टा पोटाच्या खालून बांधजो. अन् एका जागी बसून राहू नको, मधात मधात चालजो."

नागपूरला काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीची तारीख पाहिली आणि न मागता मला वाटेकडची जागा दिली. मी विमानात दोनदा उठून चालले.

मुलगी झाली तेव्हा आईने पहिला फोन बाईंनाच केला.