तुळशीकट्ट्याखालचा पाईप

बायको गेली त्या पावसाळ्यानंतर मी तिच्याबद्दल जे काही बोललो, त्यातलं एक वाक्य लोकांना फार आवडलं होतं. रोज सकाळी अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे काहीच उगवलेलं नव्हतं तिथे, ती एक तांब्या पाणी ओतायची. मी शोकसभेत म्हणालो, ‘फळाची अपेक्षा न ठेवता मातीला पाणी घालणारी बाई होती ती.’ मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेलं, त्यामुळे असं वाक्य जुळलं की मला दुःखातही थोडं बरं वाटतं. सोनपेठच्या दोन-तीन लोकांनी नंतर मला ते परत म्हणून दाखवलं.

त्या कोपऱ्यात जमिनीतून एक लोखंडी पाईप वीतभर वर आलेला होता आणि त्याला एक तार गुंडाळलेली होती. तो मी रोज पाहत होतो. मला वाटायचं, कधीकाळी तिथे हापसा घ्यायचं ठरलं असेल आणि राहून गेलं असेल. बावीस वर्षं एका घरात राहून माणूस इतपत चौकशी तरी करतो. मी केली नाही.

दिवाळीच्या आधी मी तिथेच तिच्या नावाने तुळशीकट्टा बांधून घेतला. गवंडी म्हणाला, पाईप मधे येतोय. मी म्हणालो, काढून टाका. त्याने तो उपसून भंगारात नेला, तार भिंतीपाशी तोडली आणि कट्टा छान झाला. मी रोज सकाळी तिथे पाणी घालू लागलो. आता खरोखर काहीतरी उगवत होतं, याचं मला समाधान होतं.

थंडी सुरू झाल्यावर आई म्हणाली, “नळ चावायलाय.”

आईचं वय ऐंशीच्या पुढे. मी तिला समजावलं की सुनेच्या जाण्याचा धक्का शरीरातूनही व्यक्त होतो, हातांना मुंग्या येतात, असं कुठेतरी वाचलं आहे. आईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, चावतो. मी जाऊन नळ धरून पाहिला, मला काही झालं नाही. मग मी तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. तिने त्या घेतल्या आणि गिझरच्या नळाला नॅपकिन गुंडाळून तो उघडू लागली. नॅपकिन ओला झाला की तोही चावू लागला. एका सकाळी ती नळ उघडायला गेली आणि हात झटकून मागे भिंतीवर आदळली. पडली नाही, कोपर सोलून निघालं. त्यानंतर तिने न्हाणीत जाणंच सोडलं. स्वयंपाकघरात पातेलंभर पाणी तापवायची आणि अंग पुसून घ्यायची. मी तेव्हाही वृद्धापकाळातल्या भीतीबद्दल एक पुस्तक शोधत होतो.

आईने मला न विचारता माझ्या मेहुण्याला फोन केला. तो ताडकळसला वायरिंगची कामं करतो. आमच्या घराचं वायरिंगही त्यानेच केलेलं. तो मोटरसायकलवर आला, आईचं कोपर पाहिलं आणि थेट मीटरपाशी जाऊन मेन स्विच बंद केला. मग मला विचारलं की तुम्हाला करंट कसा लागला नाही. मी म्हणालो, मी नळ धरून पाहिला होता.

“चपला घालून का?”

मी न्हाणीत रबरी चपला घालतो. फरशी गार लागते. आई मात्र अनवाणी, ओल्या फरशीवर.

“म्हंजी दाजी, तुमी चपलाची तपासणी केली,” तो म्हणाला. “चपला चांगल्या हायत.”

त्याने आईला लांब बसवलं, कोरड्या जागी उभं राहून मेन सुरू केला आणि गिझर चालू करून टेस्टर नळाला लावला. टेस्टरचा दिवा लागला. मग होल्डरच्या बल्बची एक तार सॉकेटच्या फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात धरली. बल्ब भगभगीत लागायला हवा होता, म्हणाला. तो लागलाच नाही. त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितलं: गिझरमधलं एलिमेंट जुनं झालं आहे, त्यातून थोडा करंट टाकीच्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग असतं तर तो तारेतून जमिनीत गेला असता. आता त्याला वाट नाही, म्हणून तो नळात येऊन बसतो आणि ओल्या अंगाच्या माणसातून जमिनीत जातो.

मग तो अंगणात गेला. त्या कोपऱ्यापाशी थांबला.

“दाजी, अर्थिंगचा पाईप कुठाय?”

मी कट्टा दाखवला. तो आधी हसला. मग हसू थांबवून तुळशीकडे पाहत राहिला. ती त्याची मोठी बहीण होती.

“अक्काला मीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “आपली काळी माती, वाळली की भेगाळती, पाईप सुटा पडतो. रोज एक तांब्या ओतत जा म्हणलं होतं.”

ओट्यावरून आई म्हणाली, तिलाही सुनेने ते सांगितलं होतं. मग तू बोलली का नाहीस, मी विचारलं. “तू लोकांपुढं इतकं चांगलं बोलायलास,” आई म्हणाली, “मला वाटलं तुला ठाव असंल.”

मी कट्टा फोडायची तयारी दाखवली. आवाज जरा जड झाला होता आणि तो झाला आहे हे मला कळतही होतं. मेहुणा म्हणाला, कशाला? खड्डा दुसरीकडे घेऊ. माझ्या त्यागाची कुणालाच गरज पडली नाही.

न्हाणीत परत येऊन त्याने स्वतःलाही दोन शब्द ऐकवले. गिझरचं बटण नळाजवळ, हाताशी होतं, कारण अंघोळ करताना लाल दिवा दिसला पाहिजे असा माझा हट्ट होता आणि त्याने तो ऐकला होता. “पाव्हण्याचं मन राखलं,” तो म्हणाला. “तवाच भांडायला पाहिजे होतं.”

दोन दिवस काम चाललं. सांडपाणी जातं त्या बाजूला, भिंतीपासून दूर, खोल खड्डा घेतला. त्यात नवा पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, वर माती आणि भरपूर पाणी. तिथून जाड तार थेट बोर्डापर्यंत आली. मी मधेच सुचवलं की नळाच्या पाईपलाच तार जोडली तर? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा करायला गेलो. गिझरचं एलिमेंट बदललं. गिझर पाणी उडतं त्या जागेवरून काढून दाराजवळच्या भिंतीला उंच बसवला. बटण आणि सॉकेट न्हाणीच्या बाहेर, पॅसेजमध्ये आले. मेनपाशी एक नवा स्विच बसला: थोडासाही करंट भलतीकडे गेला की तो सगळं घर बंद करतो. त्यावरचं बटण दाबून त्याने ते बंद करून दाखवलं. टीव्हीसकट सगळं शांत झालं.

मग त्या स्विचच्या आधी, मीटरकडून फेज घेऊन पुन्हा बल्बची तार अर्थिंगला लावली. या वेळी बल्बने डोळे दिपवले. नळाला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. आईने दोन्ही पाहिलं आणि तरी ती हलली नाही.

मी म्हणालो, आता काही भीती नाही. माझं म्हणणं तिने विचारात घेतलं असावं, कारण तिने मान वळवून मेहुण्याकडे पाहिलं. त्याने सांगितलं, पाणी तापलं की बाहेरून बटण बंद करायचं आणि मगच आत जायचं. हे तिला पटलं. तिने बटण स्वतः बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं.

ती आत गेली. आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभे राहिलो. नळ उघडल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. मेहुण्याने बटण बंद असल्याचं पुन्हा पाहिलं. मीही. मग पाणी पुन्हा सुरू झालं, बादलीत पडू लागलं.

“शिकेकाई कुठं ठिवली रे?” आई आतून म्हणाली. “न्हाऊन घ्यावं म्हणते.”