दोन जागी तक्ता २.१

उज्ज्वला राठोड दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यातली. यवतमाळच्या एका संस्थेत ती संशोधन सहायक होती. तांड्यांतल्या आटणाऱ्या विहिरींचा अहवाल उन्हातान्हात फिरून तिनंच लिहिला. प्रकरण, त्याखाली मुद्दा, त्याखाली उपमुद्दा, अशी शीर्षकांची पायरी तिनं कुठं चुकू दिली नाही. तक्त्याचं नाव वर, आकृतीचं खाली. मजकुरात जिथं ‘तक्ता २.१ पाहा’ होतं, तिथला आकडा त्या तक्त्याशी जोडलेला. मध्ये काही घातलं, की फाइल अपडेट करायची. आकडे आपोआप सरकत.

मुखपृष्ठावर मात्र नाव आलं प्रकल्पप्रमुख कपिल सरांचं. एकट्याचं.

“सर, माझं नाव?”

“तू टायपिंग केलंस. टायपिंगवाल्याचं नाव असते काय कुठं?”

त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना.

आठवड्यानं सरांनी शेवटची फाइल मागितली. शेळीपालनावर त्यांना एक प्रकरण घालायचं होतं, दुसऱ्या नंबरावर. उज्ज्वलानं तक्त्यांचे आणि संदर्भांचे सगळे जोड तोडले, आकडे साधा मजकूर करून टाकले आणि फाइल पाठवली. दिसायला काहीच फरक नव्हता.

या अहवालावरून तांड्यांना टँकर मंजूर करायच्या जिल्ह्याच्या बैठकीत सरांनी वाचलं, “तक्ता २.१ वरून स्पष्ट होते, की बहुतेक विहिरी मार्चमध्येच कोरड्या पडतात.”

जिल्ह्याच्या साहेबांनी पानं उलटली. “इथं तर शेळ्यांचं वजन आहे.”

सरांच्या शेळ्यांचा तक्ताही २.१ होता, त्यांनी हातानं टाकलेला. विहिरींचं प्रकरण सरकून तिसरं झालं होतं, त्यातल्या तक्त्यांवर आकडे मात्र दुसऱ्या प्रकरणाचेच राहिले होते. आकृती २.३ म्हणून विहीर शोधली, तर बोकड निघाला. कोणीतरी हसलं.

“हे हिनं टाइप केलं,” सर उज्ज्वलाकडं बोट दाखवून म्हणाले.

“मी? अहवाल कोणाचा आहे, ते वरच लिहिलं आहे न, सर.”

साहेबांनी अहवाल परत केला. संस्थेच्या अध्यक्ष विमलताईंनी घरी जाताना विचारलं, “खरं सांग, दुरुस्त कोण करू शकते?”

“मीच. पण नाव माझं पायजे. पहिलं.”

नाव आलं. सरांनी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि तिला ते फार आवडलं.

टँकरची मंजुरी मात्र पुढच्या बैठकीवर गेली, उन्हाळा सरल्यावर. मे महिन्यात ती तांड्यावर गेली, तेव्हा तिची याडी म्हणजे आई, रुपीबाई, डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन शिवारातून येत होती. आईनं गुंड उतरवला, पदरानं मान पुसली.

“टँकर कवा येते वं, उज्ज्वला? तुहा कागद अडला म्हणते सारे. काहून अडला?”

“साहेबाले आकडे समजले नाही,” उज्ज्वला म्हणाली, आणि गुंड उचलून घरात गेली.