पहिल्या ओळीतला कोश

“सरांना कोशाचे वावडे होते. सिहोऱ्याच्या एका विद्यार्थिनीचा निबंध त्यांनी पहिली ओळ वाचूनच परत केला.” माझ्या गौरवअंकात इतिहासाच्या माजी प्राध्यापकांनी हे छापले आहे. त्यांच्या लेखाची सुरुवात ‘शब्दकोशात गुरू या शब्दाचा अर्थ...’ अशी आहे, यावर मी काही बोलत नाही.

घडले ते असे. तुमसरच्या आमच्या महाविद्यालयातून विद्यापीठाच्या स्पर्धेला एकच निबंध जायचा होता आणि निवड माझ्याकडे होती. विषय गावतलावांचा. बहुतेकांनी आरंभ एकच केला होता: शब्दकोशानुसार तलाव म्हणजे पाण्याचा साठा. या मुलीनेही. तरीही पुढची पाने वाचून मी तिलाच बोलावले. दुसऱ्या दिवशी निबंध टपालात पडला नसता, तर तिची संधी गेली असती.

“सर, कोशात हाये तसंच लिवलं. मंग चुकलं कुठी?”

“चुकले नाही. पण सिहोऱ्यात तलाव कोणाला ठाऊक नाही?”

“माझ्या बाबाले तर पक्का ठाऊक हाये,” ती हसली.

“मग हे सांगतेस कोणाला? तुझे स्वतःचे म्हणणे कुठे सुरू होते?”

तिने पाने उलटली. “तिसऱ्या पानावर. पाण्याची पाळी कोनाची, यावरून तलावाच्या बांधावर, पारीवर भांडन होते, तिथून.”

“तिथूनच सुरू कर.”

खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवरून इतिहासाच्या प्राध्यापकांनी टोला हाणला, “काहून सर, आता कोशाशीबी भांडून राहिले?” निबंध तिच्या हाती परत जाताना पाहून ते तासाला निघून गेले. त्यांची साक्ष एवढीच.

पुढचे त्यांनी पाहिले नाही. तिने ‘विश्वकोशानुसार’ एवढेच म्हणून जिल्ह्यातील तलावांचा आकडा दिला होता. मी तिला ग्रंथालयात नेले. खंडाचे साल तिनेच वाचले. नोंद जिल्ह्याच्या विभाजनापूर्वीची, गोंदिया वेगळा होण्याआधीची होती. त्या आकड्यात गोंदियाचे तलावही धरलेले होते. नोंदीचे शीर्षक, नोंदलेखक, खंड, साल हे सारे वाचकाला हवे असते ते यासाठी.

शब्दकोशही मी हाकलला नाही, जागा बदलली. कोश शब्दाचा रूढ अर्थ देतो; तुमचा मुद्दा देत नाही. त्या अर्थाशी तुमचा वाद असेल, तेव्हा मात्र तो हवाच. तिचा वाद होता: व्याख्येत पाणी आहे, पाळी नाही. हे वाक्य तिने शेवटी नेले आणि संध्याकाळी नवी प्रत माझ्यापुढे ठेवली. सकाळी तिने त्यावरून स्वच्छ प्रत उतरवली आणि ती टपालात टाकली.

वावडे असते, तर मी पहिल्या ओळीवर थांबलो असतो. ती संध्याकाळची प्रत तिने जपून ठेवली आहे. तिच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या पानाच्या तळाशी ‘तलाव’ या नोंदीसाठी शब्दकोशाचे नाव, आवृत्ती आणि साल माझ्या तांबड्या शाईत आहे.