उरलेलं पाणी सोडायचं धाडस

आमच्या घरी पेपरपेक्षा पत्रकं जास्त यायची. वडील पाणी वाचवण्याच्या प्रत्येक सभेतून एक मूठभर घेऊन यायचे आणि मी ती पाढ्यांसारखी पाठ करायची. त्यामुळे सोनईच्या अलीकडच्या आमच्या मिशन हॉस्टेलमध्ये मार्चमध्येच टँकर सुरू झाला आणि समितीचे सर म्हणाले, "संडासाला पाणी पुरलं नाही तर मुलींना परीक्षेआधीच घरी पाठवू," तेव्हा मी तिथल्या तिथे भांडायला उभी राहिले. अभ्यास इथे होतो. घरी गेलेल्या काही मुली परत येत नाहीत, थेट लग्नाच्या पत्रिका येतात.

"मग पाणी कुठून आणतेस?" सरांनी विचारलं.

"अंघोळीचं आणि धुण्याचं वापरू. सगळं गटारात चाललंय."

सरांनी परीक्षेपर्यंत करून बघायला परवानगी दिली.

आमच्या प्लंबरमामांनी आठवडाभरात जोडणी केली. न्हाणीघराचं आणि धुण्याच्या दगडावरचं पाणी आधी नायलॉनच्या जाळीतून जायचं. केस आणि कपड्यांचा भुसा तिथेच अडकायचा. मग एका पिंपात वर वाळू, खाली खडी, त्यातून झिरपून झाकणाच्या टाकीत. तिथून मोटरीने गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत आणि थेट फ्लशला. वेगळा ओळखू यावा म्हणून पाइपला जांभळा रंग, पिण्याच्या पाण्याशी कुठेही जोड नाही. स्वयंपाकघराचं पाणी घ्यायचं नाही, त्यात तेल आणि खरकटं असतं. आणि एक कडक नियम: पाणी दिवसभराच्या वर ठेवायचं नाही. रोज सकाळी पहिल्या अंघोळीआधी पाइपाची चावी उघडून कालचं उरलेलं दोन्ही टाक्यांतून लिंबाखालच्या चरात सोडून द्यायचं. साबण, मळ, घाम पाण्यात असतोच. साठवून ठेवलं की ते सडतं.

मेट्रनबाईंना हा शेवटचा नियम पटेना. बाई दुष्काळी पाथर्डीकडच्या. लहानपणी हंड्यासाठी विहिरीत उतरलेल्या.

"पानी सोडून द्यायचं? भरल्या टाकीचं?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अगं, पाप लागंल पोरी."

"बाई, पत्रकात लिहिलंय."

"पत्रक लिहिणाऱ्यानं कधी हंडा वाहिलाय का?"

पण नियम मी सोडला नाही. आठवडाभर बाईंनी कुरकुरत तो पाळला. फ्लश जोरात वाहायचे, संडासात लाइफबॉयचा मंद वास यायचा आणि मुली म्हणायच्या, "आपला संडास अंघोळ करून आलाय!"

शनिवारी सगळ्यांनी रविवारच्या प्रार्थनेचे कपडे धुतले. टाक्या काठोकाठ भरल्या. रविवारी निम्म्या मुली दिवसभरासाठी घरी, धुणं बंद, वापर कमी. सोमवारी सकाळी जाग आली ती वासानेच. कुजलेल्या अंड्याचा, थेट वरच्या मजल्यापर्यंत. फ्लश ओढला तर काळपट पाणी. आणि नेमके त्याच सकाळी सर आले.

"हे गटार वर चढवलंय का?" रुमाल नाकाला लावून सर गरजले. "बस्स! शनिवारी हॉस्टेल रिकामं."

मी तोंड उघडलं, पण बोलल्या बाई. "सर, पोरीची काय बी चूक न्हाई. रविवारी अन् आज, दोन्ही दिवस चावी म्या बंद ठेवली. सोमवारी वापरायला व्हईल म्हनून. एवढं पानी सोडायला हात धजंना."

सरांनी रुमाल खाली घेतला. "आता?"

"आता सोडते." बाई पदर खोचून चावीपाशी बसल्या, तोंड फिरवलं आणि चावी फिरवली. काळं पाणी चरात गेलं. "गेलं बाई गेलं," त्या पुटपुटल्या, कुणाला पोचवून आल्यासारख्या.

टाक्या आतून घासल्या. पिंपातली वरची घाण वाळू खरवडून धुतली, जाळी झटकली. तोवर बाकीच्यांनी अंघोळी उरकल्या, धुणं काढलं, आणि नवं पाणी झिरपायला लागलं. सर खुर्ची टाकून बसलेच होते. गच्चीवरची टाकी थोडी भरल्यावर ते स्वतः तळमजल्याच्या संडासात शिरले. आम्ही सगळ्या बाहेर रांगेत.

फ्लशचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा आला.

"सर, पानी जपून!" बाई दारातून ओरडल्या.

सर हसत बाहेर आले. "गढूळ आहे, पण वास नाही. परीक्षेपर्यंत चालू द्या. चावीचं काम कुणाकडे?"

"माझ्याकडं," बाई म्हणाल्या. मी वाद घालायला निघाले होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी थांबले.

त्यानंतर त्या रोज पहाटे चावी उघडायच्या, रविवारीसुद्धा, प्रार्थनेला निघण्याआधी. मात्र शनिवारी धुणं कमी काढा म्हणून आमच्या मागे लागायच्या. म्हणजे सोडायलाही कमी लागेल. शेवटच्या पेपरपर्यंत एकाही मुलीला घरी पाठवावं लागलं नाही.