हौस विकणारे चाचा

डिचोलीच्या बाजारात नवरदेवाच्या कपाळावरचे फुलांचे सेहरे गुंफणाऱ्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. फुलं वेळेवर देणं त्यांना जमत नाही, पण उशीर झाला की धर्म मात्र चटकन आठवतो.

माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या निकाहला चाचा रिकाम्या हातांनी आले. सेहरा अजून गुंफायचाच होता. काजींना दुसरीकडे जायची घाई, आणि सेहऱ्याशिवाय नवऱ्याची आई ऐकेना. चाचा तिला म्हणाले,

"भाभी, दोघांची कबुली, मुलीचा वली म्हणून बाप, दोन साक्षीदार आणि मेहर, झाला निकाह. सेहरा, हळद, बँड दीनात कुठे आहे?"

"मग एवढी वर्षं विकता कशाला?"

"हौस विकतो, भाभी. फर्ज नाही."

तिला हसू आलं आणि गाडं पुढे सरकलं. एक साक्षीदार चाचाच झाले.

मी आतल्या खोलीत मैत्रिणीजवळ बसले होते. तिच्या वडिलांनी दोन्ही साक्षीदारांसमोर नवऱ्याचं नाव घेतलं, मेहर म्हणून तिच्या एकटीच्या हक्काच्या सोन्याच्या बांगड्या सांगितल्या आणि विचारलं, "कबूल आहे?" ती रडायलाच लागली.

"रडली म्हणजे हो," तिची मावशी म्हणाली. "चला, उशीर होतोय."

चाचा जागचे हलले नाहीत. "सेहऱ्यासाठी थांबला होता ना? मग पोरीसाठीही थांबा." मान खाली घालूनच ते तिला म्हणाले, "मनात नसेल तर नाही म्हण गो. बाहेर मी सांगेन."

 ती नाही म्हणेल की काय, अशी मलाच भीती वाटली.

तिने नाक पुसलं. "कबूल आहे, चाचा. आता रडू द्या मला."